बॉक्स नंबर ५१७

"काका, हे कोणती भाषा हाये?" खुशीनं मोबाईल काउंटरवर ठेवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

धनीरामनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. अड्याळच्या बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म आणि पासपोर्ट फोटोचं दुकान होतं. लोक त्याच्याकडे सातबारा आणत, आधार कार्ड आणत, कधीकधी डॉक्टरची चिठ्ठी वाचायलाही आणत. न वाचता येणारं काहीही असलं की धनीरामकडे न्यायचं, असा गावाचा रिवाज होता.

फोटो जुन्या वर्तमानपत्राचा होता. कागद पिवळा पडला होता, एका बाजूला पत्र्याच्या कडीची सावली पडली होती आणि मधल्या चार ओळींभोवती लाल शाईनं गोल केला होता. खुशी मोठ्यानं वाचू लागली, पण वाचण्यासारखं तिथं फारसं काही नव्हतं.

"ढीवर, पंचवीस भागिले पाच एक, भागिले अठ्ठावीसशे. बी.ए.डी.एड., प्राथ. शि. (जि.प.), नि.गो., शां.स्व., गृ.द. मुलीस अनु., निर्व्य., नो./स्व.व्य. वर पा. पो.जा.अ.ना. हुं.दे.ना. भं.जि.प्रा. प.फो.सह १५ दि. आत लिहा, बॉ.नं. ५१७." तिनं श्वास घेतला. "गणित हाये का हे?"

धनीराम हसला. मागच्या कित्येक वर्षांत त्याच्या आवडीचं काम कोणी घेऊन आलं नव्हतं. झेरॉक्सच्या आधी याच जागी त्याची पेपरची एजन्सी होती आणि नागपूरच्या पेपरासाठी तो छोट्या जाहिराती घ्यायचा. हरवले आहे, विकणे आहे, वर पाहिजे, वधू पाहिजे. गावातल्या निम्म्या संसारांची पहिली चार अक्षरं त्याच्या हातची होती. त्याचा स्वतःचा संसार तेवढा राहून गेला होता.

"शब्दाले पैसे लागत पोरी," तो म्हणाला. "टिंबानं जोडला का शब्द एकच धरे. मंग आमी टिंबं देत जाओ. फोटो माह्या नंबरवर पाठव, मोठा प्रिंट काढतो. मंग समजावतो तुले."

प्रिंट निघाला. धनीरामनं खिशातला निळा पेन काढला आणि शाळामास्तराच्या थाटात एकेका अक्षराखाली रेघ मारायला सुरुवात केली.

"ढीवर म्हंजे आपला मासेमाराचा समाज. मंग हे भागिले नाही. पहिलं वय, दुसरी उंची, तिसरा पगार. वर्षं पंचवीस, पाच फूट एक इंच, महिन्याले अठ्ठावीसशे."

"अठ्ठावीसशे? एवढ्याचा तर माहा रिचार्ज होते."

"तवाच्या अठ्ठावीसशेत घर चाले. प्राथ. शि. म्हंजे प्राथमिक शिक्षिका, जि.प. म्हंजे जिल्हा परिषदेत. मंग नि.गो."

"निळी गोटी," खुशी म्हणाली.

"निमगोरी! सावळ्या पोरीच्या बापानं लिवलेला शब्द हाये तो. शां.स्व. म्हंजे शांत स्वभाव. गृ.द. म्हंजे गृहकृत्यदक्ष. अनु. म्हंजे अनुरूप, पोरीले शोभेल असा. निर्व्य. म्हंजे निर्व्यसनी. नो. म्हंजे नोकरी, स्व.व्य. म्हंजे स्वतंत्र व्यवसाय, दोन्हीतलं कोणतं बी चालते. पो.जा.अ.ना., पोटजातीची अट नाही. हुं.दे.ना., हुंडा देणार नाही. भं.जि.प्रा., भंडारा जिल्ह्याले प्राधान्य. तवा गोंदिया बी भंडाऱ्यातच होता, म्हणून जिल्हा मोठा. म्हंजे हे नव्व्याण्णवच्या आधीचं झालं."

"अन् बॉ.नं.?"

"बॉक्स नंबर. पोरीचं नाव, बापाचं नाव जाहिरातीत देत नव्हते. गावात बभ्रा होते न! पेपरवाले एक नंबर देत. वाचणाऱ्यानं पाकिटावर तो नंबर लिहून नागपूरले पाठवायचं. तिथं नंबरापरमानं कप्पे. आठवड्याची पत्रं गोळा झाली का मोठ्या पाकिटात घालून पोरीच्या घरी. कोणी लिवलं ते पोरीले समजे, पण पोर कोण हाये ते लिवणाऱ्याले समजत नव्हतं."

"अन् प.फो.सह?"

"पत्ता-फोटोसह. पंधरा दिवसांच्या आत." धनीरामनं प्रत्येक अक्षराखाली पूर्ण शब्द लिहिला आणि पेनाचं टोपण लावलं. "भेटलं कुठं हे तुले?"

"आत्याच्या पेटीत. मी भंडाऱ्याले होस्टेलले चालली न, तर आत्यानं तिची पत्र्याची पेटी देली. झाकणाले आतून खळीनं चिकटवलेलं हाये, निघत नाही. म्हणून फोटो काढला. बाजूले एक कोणतं तरी बिल बी चिकटवून हाये."

धनीरामच्या हातातला पेन खाली पडला. खुशीची आत्या म्हणजे सत्यभामाबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. लग्न न झालेल्या, वय चोपन्न, उंची पाच फूट एक इंच.

"काका, मंग हिले वर भेटला का?" खुशीला अजून कशाचाच पत्ता नव्हता. जिच्या आवाजानं चौथीचा वर्ग बाकावरून उठून उभा राहतो, तिच्या नावापुढे 'शांत स्वभाव' असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

"काय माहीत," धनीराम म्हणाला. तेवढ्यात लाईट गेली. खुशीनं "उद्या नेतो एक कॉपी" म्हणून सायकल काढली आणि धनीराम पंखा बंद पडलेल्या दुकानात एकटाच बसून राहिला.

खरं सांगायचं तर ही जाहिरात त्याला पाठ होती. ती त्याच्या हातून गेली नव्हती. बाईंच्या वडिलांनी गावात चर्चा नको म्हणून लाखांदूरला जाऊन दिली होती. पण त्या दिवशीचा गठ्ठा सोडल्यावर धनीरामनं नेहमीप्रमाणे छोट्या जाहिराती वाचल्या आणि तिसऱ्या कॉलमात त्याला बाई दिसल्या. नाव नव्हतं, गरजही नव्हती. सात वर्षं रोज सकाळी साडेसातला पेपर घ्यायला येणारी मुलगी त्याला पाच फूट एक इंचात ओळखू आली नसती, तर त्यानं धंदा तरी कशाला केला? त्यानं त्याच दिवशी उत्तर लिहिलं आणि पाकिटावर बॉक्स नंबर टाकून पवनीच्या पोस्टात टाकलं, कारण अड्याळचा पोस्टमन पाकीट हुंगून ओळखायचा. मग तो थांबला. पंधरा दिवस, महिना, वर्ष. बाई पेपर घ्यायला येत राहिल्या. सुटे पैसे देत, आणि जात. दोघांपैकी कुणीच त्यावर शब्द काढला नाही. त्याला वाटलं, नकार बहुतेक असाच देत असतील.

अंधारात त्यानं पेन उचलला आणि प्रिंटच्या खाली लिहिलं, 'उत्तर दिलं, ४ मार्च ९६. आलं नाही. धनीराम.'

लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात लाईट आली आणि दारात मच्छीमार संस्थेचा सेक्रेटरी मनिष उभा राहिला. धनीरामनं कागद घाईनं झेरॉक्स मशीनच्या झाकणाखाली सरकवला.

"साठ कॉपी पायजे, अर्जंट! तलावात मासोळीचं बीज सोडाचं हाये, ऐतवारच्या मीटिंगची नोटीस. संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचली पायजे."

धनीरामनं नोटीस हातात घेतली, झाकणावर ठेवली, साठचा आकडा दाबला आणि मार्च ९६ मध्ये निघून गेला. मशीन खटखट करत राहिलं. कागद पालथे पडत होते. मनिषनं पालथाच गठ्ठा उचलला, रबर लावलं, वरची नोटीस खिशात घातली आणि मोटारसायकलला किक मारली. संस्थेच्या चपराशानं एकेका कागदाच्या चार घड्या केल्या आणि दिवे लागायच्या आत ते साठ घरी टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनीरामनं शटर वर केलं तर बाहेर अकरा माणसं उभी होती. सगळ्यांत पुढे चंद्रकुमार, ज्याला गेल्या दहा वर्षांत कुणी शर्टाचं वरचं बटण लावलेलं पाहिलं नव्हतं. आज ते लावलेलं होतं.

"फोटो काढ बाप्पा," चंद्रकुमार म्हणाला.

"कायचा?"

"पासपोर्ट. अन् लवकर काढ, लाईन मोठी हाये."

धनीरामनं पांढरा पडदा सोडला. एकेकाला स्टुलावर बसवलं, मान सरळ करायला लावली, आणि प्रत्येकाच्या हातात आठ फोटोंचा एकेक कागद दिला. दहा वाजेपर्यंत रांग पानठेल्यापर्यंत गेली. कुणी भावाचा शर्ट घालून आला, कुणी फोटोत मिशी काळी करता येईल का विचारलं. एवढी माणसं निवडणुकीतही फोटोला येत नाहीत. कार्ड संपलं, शाई संपत आली, तेव्हा त्यानं विचारलं, "कोणती स्कीम निघाली बे?"

"तुलेच माहीत नाही? तुह्याच दुकानातून तर कागद निघाला," चंद्रकुमार परत रांगेत उभा होता, या वेळी बायकोसाठी. "संस्थेची स्कीम हाये. पत्ता-फोटोसह पंधरा दिवसांत लिहा म्हणते. जिल्हा परिषदेची हाये, भंडारा जिल्ह्याले प्राधान्य. आपल्याच समाजाले हाये, पहिलाच शब्द तो हाये. अन् निर्व्यसनी पायजे, म्हणून मी कालपासून खर्रा खाल्ला नाही."

"दाखव कागद."

चंद्रकुमारनं चार घड्या उलगडल्या. धनीरामनं आपलंच अक्षर पाहिलं आणि स्टुलावर बसला. गिऱ्हाइकानं बसायच्या स्टुलावर.

"पण मले एक नाही समजलं," चंद्रकुमार कागदाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाला. "हे मंजूर काहून नाही झालं तुह्यं? ९६ मध्ये अर्ज देला म्हणते तू."

रांगेतून सहानुभूतीचा आवाज आला. एकोणतीस वर्षं अडकलेला अर्ज सगळ्यांना आपला वाटला. कुणी आमदाराला भेटायचा सल्ला दिला. तेवढ्यात मनिष धापा टाकत आला. खिशातली मूळ नोटीस त्याला सकाळी शर्ट धुवायला टाकताना सापडली होती. त्यानं हात जोडले, धनीरामनंही जोडले, आणि दोघांनी मिळून साठ कागद परत गोळा करायचा बेत आखला. अठ्ठावन्न मिळणार होते. एक चंद्रकुमार सोडायला तयार नव्हता, तो म्हणाला, स्कीम नाही तर नाही, फोटो तर झाले. आणि एक कागद कैलाशच्या घरी गेला होता. कैलाश संस्थेचा मेंबर होता आणि सत्यभामाबाईंचा धाकटा भाऊ.

धनीरामनं हातातली कात्री खाली ठेवली. गावात स्वतःचं हसं झालं तर ते चार दिवसांत विरतं. पण बाईंनी साऱ्या जन्मात कुणाला बोट दाखवायला जागा दिली नव्हती. आता त्यांचं वय, पगार आणि निमगोरेपण साठ घरी पोचलं होतं, आणि तेही त्याच्या अक्षरात. रोज सकाळी एकदा दिसणं एवढंच त्याच्या वाट्याला उरलं होतं. पेपर मोबाईलवर आले तरी बाई अजून साडेसातला एक पेपर घ्यायला त्याच्याकडे येत, आणि तो त्या एका पेपरासाठी नागपूरहून पाच मागवत असे. आज साडेसातला बाई आल्या नव्हत्या.

त्या अकरा वाजता आल्या. पुढे बाई, मागे खुशी सायकल ढकलत, आणि सायकलच्या कॅरियरवर दोरीनं बांधलेली पत्र्याची पेटी. रांग आपोआप दोन पावलं मागे सरकली. रांगेतल्या निम्म्या लोकांनी चौथीत असताना त्यांच्या हातची छडी खाल्ली होती.

"ठेव वर," बाई म्हणाल्या. खुशीनं पेटी काउंटरवर ठेवली. बाईंनी झाकण उघडलं. आतल्या बाजूला लाल गोलातली जाहिरात होती, आणि तिला चिकटून एक निळ्या शाईतला कागद. खुशीला बिल वाटलेला.

"हे तुमचंच अक्षर हाये न, धनीरामजी?"

धनीरामनं मान हलवली.

"काय लिवलं होतं, थे वाचा."

"बाई, इथं?"

"साठ घरी माहं वाचलं. आता तुमचं वाचा."

धनीरामनं चष्मा लावला, काढला, पुसला. शेवटी खुशीच वाकली. कालचा धडा तिच्या डोक्यात ताजा होता आणि परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला होता.

"ढीवर. एकोणतीस, पाच फूट पाच. बारावी. निर्व्य., निर्व्यसनी. स्व.व्य., स्वतंत्र व्यवसाय. कंसात पेपर." ती अडखळली. "घ.स्व.?"

"घर स्वतःचं," धनीराम पुटपुटला.

"हुं.न., हुंडा नको. ओ.आ. सा.व. बो.न.झा. उ.वा.पा." खुशीनं मान वर केली. "काका, हे नाही शिकवलं तुमी."

चंद्रकुमारनं रांगेतला आपला नंबर सोडून पेटीत डोकावून पाहिलं, हे त्या दिवसाचं दुसरं आश्चर्य.

"ओळख आहे," धनीराम म्हणाला. तो पेटीकडे बघत होता, बाईंकडे नाही. "सात वर्षं. बोलणं नाही झालं. उत्तराची वाट पाहतो."

बाईंनी पदरानं पेटीच्या कडेची धूळ पुसली. तिथं धूळ नव्हती.

"मले अक्षर ओळखू आलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता. "पाकीट फोडलं अन् पाह्यलं तर नाव नाही, पत्ता नाही, फोटो नाही, वर प्रिय नाही, खाली सही नाही. मले वाटलं, कोण्या गिऱ्हाइकाची जाहिरात तुमी चुकून माह्या पाकिटात टाकली."

"जाहिरातीत नाव देत नाही न बाई."

"थे उत्तर होतं, धनीरामजी. जाहिरात नाही."

दहा वर्षं दुसऱ्यांच्या मनातलं टिंबं देऊन कमी करता करता धनीरामनं स्वतःचंही तसंच केलं होतं, आणि ते पाकीट तर शब्दाच्या हिशोबाचं नव्हतंच. तिथं हवं तेवढं लिहिता आलं असतं. हे त्याला एकोणतीस वर्षांनी, फोटोच्या रांगेसमोर कळलं.

"मंग परत काहून नाही आणून देलं?" त्यानं हळूच विचारलं. "दुसऱ्याचं होतं तर?"

"तुमी न्याले याल म्हणून ठेवलं," बाई म्हणाल्या. "रोज साडेसातले येऊन उभी राहत जाओ. आज मागतील, उद्या मागतील. तुमी पेपर देऊन नुसते सुटे मागत."

खुशी एकदा आत्याकडे आणि एकदा काकाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मोबाईलनं व्हिडिओ काढावा की नाही हा विचारही त्याच वेळी तिच्या मनात आला, हे लपवण्यात अर्थ नाही. तिनं काढला नाही.

बाईंनी झाकण लावलं. काउंटरवरच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढला आणि धनीरामपुढे ठेवला.

"पूरं लिहा. एक बी टिंब नको. पंधरा दिवस हायेत." मग त्या रांगेकडे वळल्या आणि आवाज परत वर्गातला झाला. "अन् तुमी कायले उभे? तलावात बीज कोण सोडन?"

रांग पांगली.

धनीरामनं लिहायला घेतलं आणि त्याला घाम फुटला. 'मी' लिहिलं की पुढे टिंब पडे. सवयीनं 'आप.' लिहून तो खोडी, 'कृ.' लिहून खोडी. तीन दिवसांत चाळीस कागद गेले. मनिष येऊन सांगून गेला, नेटवर मजकूर मिळतो. धनीरामनं त्याला हाकलून लावलं. सकाळी साडेसातला बाई यायच्या, पेपर घ्यायच्या, काही विचारायच्या नाहीत. त्यानं मात्र सुटे मागणं बंद केलं. आठव्या दिवशी पहिलं पान झालं. त्यात नुसत्या त्या सात वर्षांतल्या सकाळी होत्या. कोणत्या दिवशी बाईंच्या हातात छत्री होती, कोणत्या दिवशी ताप होता तरी त्या आल्या होत्या, सगळं. बाराव्या दिवशी चार पानं झाली. पंधराव्या दिवशी त्यानं शेवटची ओळ लिहिली आणि खाली पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पत्ता, तालुका, जिल्हा, पिनकोड टाकला. बाईंचं घर दुकानापासून दोनशे पावलांवर होतं.

मग फोटो. त्यानं स्वतःच स्टुलावर बसून, मोबाईलला टायमर लावून काढला. गावातल्या प्रत्येकाला तो 'हसू नका' म्हणायचा. स्वतः हसला की नाही हे त्याला फोटोतही ठरवता आलं नाही. आठ फोटोंचा कागद निघाला. त्यातला कोणता बरा हे ठरेना, आठही एकसारखेच होते, तरी ठरेना. शेवटी त्यानं कात्री ठेवून दिली आणि अख्खा कागदच पाकिटात घातला. पाकिटावर काय लिहावं याचा विचार केला आणि जुन्या सवयीनं लिहिलं, 'बॉक्स नंबर ५१७'. या वेळी 'बॉक्स' पूर्ण लिहिलं.

खुशी त्याच दिवशी दुपारच्या बसनं होस्टेलला निघाली होती. जाता जाता तिनं पाकीट घरी पोचवलं आणि बस सुटायच्या आधी पेटी घेऊन दुकानात आली.

"काय म्हणाल्या?" धनीरामनं विचारलं.

"काही नाही. चार पानं वाचली, मंग परत पह्यल्यापासून वाचली. मले म्हणे, पेटीच्या झाकणातले दोन्ही कागद कोमट पाण्यानं सोडवून दे, पेटी ने. मी देले सोडवून." तिनं झाकण उघडून दाखवलं. आत दोन फिके चौकोन उरले होते. "अन् हे तुमाले परत देले. म्हणे, जास्त आले."

तिनं काउंटरवर फोटोंचा कागद ठेवला आणि बसचा हॉर्न ऐकून पळाली.

धनीरामनं फोटो मोजले. सात होते. त्यानं चष्मा पुसला आणि परत मोजले. वरच्या ओळीतला डावीकडून दुसरा कात्रीनं नीट कापून घेतला होता.